काटकसरी, चिक्कू, कंजूष, कृपण: बाबांसाठी नेमका शब्द कोणता?

मीनल_स
बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. घरातल्या घरात वाटायला एक छोटी पुस्तिका करतोय, प्रत्येकाने एकेक पान लिहायचं ठरलंय. माझ्या पानाचं पहिलंच वाक्य होतं, "बाबा अतिशय काटकसरी होते." दादाने वाचलं आणि पेन्सिलने 'काटकसरी' खोडून वर 'चिक्कू' लिहिलं. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

काही गोष्टी सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आलेली पाकिटं उसवून, उलटी करून बाबा पुन्हा चिकटवायचे. वाकलेले खिळे दगडावर ठेवून सरळ करायचे आणि आकारानुसार डब्यांत ठेवायचे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी रिकाम्या खोलीतला दिवा उठून बंद करायचे. एका चुलतभावाचं पूर्ण शिक्षण त्यांनी केलं, तेही कुणाला न सांगता. आम्हाला ते गेल्यावर कळलं. आणि आईच्या चष्म्याची काडी तुटली तेव्हा तिने ती दोऱ्याने बांधून दोन वर्षं काढली.

दादा म्हणतो, चष्मा आठव आणि मग शब्द निवड. मी म्हणते, चुलतभाऊ आठव. आत्या म्हणते, कंजूष लिहा, पण प्रेमाने लिहा. प्रेमाने कंजूष कसं लिहितात?

तर प्रश्न असा, की या शब्दांत नेमका फरक काय? खर्च कमी करण्याचं प्रमाण वाढत गेलं की शब्द बदलतो, की मुळात गोष्टच वेगळी आहे?

गोगलगाय
पहिली मी! वाचतेय. खिळ्यांचे डबे आमच्याकडेही होते.

सदाशिव_नाना
काटकसर करायची असेल तर सगळ्यात आधी रोजचा खर्च वहीत लिहायला सुरुवात करा. पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. दुसऱ्या महिन्यात वाचायचं. निम्मा खर्च लाजेनेच कमी होतो. मी 31 वर्षं लिहितोय.

टवाळखोर
नाना, त्यांनी शब्द विचारलाय, उपाय नाही. :)

सदाशिव_नाना
हो का. बरं. पण वही लिहाच.

उंबरठा
मला वाटतं फरक प्रमाणाचा नाही, झळ कुणाला बसते त्याचा आहे. स्वतःची चैन कापतो तो काटकसरी. दुसऱ्याच्या वाट्याचं कापतो तो चिक्कू. पाकिटं, खिळे, दिवे यांत बाबांनी कुणाचंच काही घेतलं नाही, तिथे काटकसरी. चष्मा आईचा, तिथे चिक्कू. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या दिवसांबद्दल बोलताय.

जुनी_वही
उंबरठा, मुद्दा चांगला आहे. मी त्यात व्याकरणाची एक गोष्ट घालतो. 'काटकसर' ही करायची गोष्ट आहे. "यंदा जरा काटकसर करू या" असं आपण म्हणतो, आणि पुढच्या वर्षी ती थांबवतोही. काटकसरी माणूस म्हणजे ते काम नेहमी करणारा. 'चिक्कू' मात्र थेट माणसालाच चिकटतो. "यंदा चिक्कूपणा करू या" असं कुठल्याही घरात ठरत नाही. चिक्कूपणा करतात तो नेहमी दुसरे, आणि त्याला नावही दुसरेच देतात.

'मी' लावून बघा. "मी काटकसरी आहे" हे वाक्य सहज येतं, त्यात थोडा अभिमानही असतो. "मी हिशेबी आहे" म्हणताना आवाज किंचित खाली जातो. "मी चिक्कू आहे" हसतच म्हणता येतं. "मी कद्रू आहे" असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

शब्दाबद्दलही सांगतो. 'कसर' अरबीतून आलाय, मूळ अर्थ तुटलेला भाग, अपूर्णांक. "कसर राहिली", "कसर भरून काढली" यांत तो अजून दिसतो. काटकसरीच्या पोटात असे बारके तुकडे राखणं आहे. तुमच्या बाबांचे खिळे हे त्याचं अगदी शब्दशः उदाहरण.

टवाळखोर
बर्ट्रांड रसेलने 1948 साली बीबीसीच्या रेडिओवर याच खेळाला रूप दिलं होतं. एकाच गुणाचं तीन पुरुषांत चालवायचं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा अडेलतट्टू आहे. मराठीत:

मी काटकसरी आहे. तू चिक्कू आहेस. तो कवडीचुंबक आहे.

गोगलगाय
मी साधी राहते. तू हात आखडता घेतोस. त्याची चमडी जाईल पण दमडी जाणार नाही.

रानवारा
मी सढळ हाताचा. तू उधळ्या. त्याच्या हाताला भोक.

टवाळखोर
वा! उलट्या बाजूनेही चालतंय की.

पेनाचं_टोपण
'कृपण' राहिला. कृपण म्हणजे ज्याच्याकडे कृपा नाही तो. शेवटचा 'ण' नकाराचा. जो कुणावर कृपा करत नाही तो कृपण. संस्कृतात सगळं तर्कशुद्ध असतं.

जुनी_वही
टोपण, अर्धं बरोबर. कृपा आणि कृपण एकाच कुळातले आहेत, पण तो 'ण' नकाराचा नाही. कृपणचा जुना अर्थ दीन, केविलवाणा, ज्याची कीव करावी असा. कृपा करणारा तो नव्हे. ज्याच्याकडे बघून आपल्याला कृपा यावी तो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात "कृपणाः फलहेतवः" आहे, तिथे पैशाचा काही संबंध नाही. फळावर डोळा ठेवून कर्म करणारे बिचारे आहेत, असं म्हटलंय. त्याच अध्यायात अर्जुन स्वतःच्या 'कार्पण्या'बद्दल बोलतो, तेव्हा तो चिक्कूपणाची कबुली देत नसतो, आपण हतबल झालोय हे सांगत असतो. पैसा धरून बसणारा हा अर्थ त्याच शब्दाला चिकटला, कारण असा माणूसही बघणाऱ्याला केविलवाणाच वाटला असणार.

गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'मायझर'चंही हेच. तो लॅटिनमधून जसाच्या तसा उचललेला शब्द आहे आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दुःखी, दुर्दैवी एवढाच आहे. दोन भाषा दोन वाटांनी त्याच दारात येऊन थांबल्या.

उंबरठा
अरे, पण मग माझा सिद्धांत मोडला ना! कृपण माणूस स्वतःलाही काही घेत नाही. झळ त्यालाच बसते. माझ्या नियमाने तो सगळ्यात मोठा काटकसरी ठरायला हवा.

जुनी_वही
मोडला नाही, अपुरा पडला. काटकसरीला पुढे काहीतरी असतं. आज कापलेलं उद्या कशालातरी लागणार असतं. कृपणाला तो उद्याच नसतो. भर्तृहरीचा प्रसिद्ध श्लोक आहे, धनाच्या तीनच गती: दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि भोगतही नाही, त्याच्या धनाला तिसरी गती. काटकसरी माणूस फार तर भोग पुढे ढकलतो.

आणि एक सुभाषित आहे, ते टवाळखोरसाठी: "कृपणेन समो दाता न भूतो न भविष्यति। अस्पृशन्नेव वित्तानि यः परेभ्यः प्रयच्छति॥" कृपणासारखा दाता झाला नाही, होणार नाही, स्वतः हातही न लावता सगळं धन तो दुसऱ्यांना देऊन जातो.

टवाळखोर
हे मी आमच्या काकांच्या वारसांना पाठवतो. __/\__

पेनाचं_टोपण
नकाराचा 'ण' मागे घेतो. कीव मात्र ठेवून घेतो.

कोरा_कागद
मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. सहा वर्षं मला सगळे चिक्कू म्हणतात. पैसा माझा नाही! वाचला तर त्यांचाच वाचतो! रंगाचं काम तीन ठिकाणी विचारल्याशिवाय मी देत नाही, एवढाच माझा गुन्हा. उंबरठाच्या नियमाने मी काय?

रानवारा
धनी दान करतो आणि कोठावळ्याचं पोट दुखतं. तुम्ही कोठावळे.

कोरा_कागद
ही म्हण कोठावळ्यांना न विचारता केलेली आहे.

क्रीझमध्ये
झळ कुणाला बसते, यावरून आठवलं. बापू नाडकर्णी! जानेवारी 1964, मद्रास, इंग्लंडविरुद्ध: 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. त्यात सलग 21 षटकं निर्धाव. लागोपाठ 131 चेंडूंवर एकही धाव नाही. त्यांना आजही 'कंजूष गोलंदाज' म्हणतात आणि ती शिवी नाही, शाबासकी आहे. तिथे 'काटकसरी गोलंदाज' म्हटलं तर उलट पाणचट वाटतं. कारण उघड आहे: ज्याच्या वाट्याचं कापलं तो प्रतिस्पर्धी. त्याला जितकं कमी मिळेल तितकं आपल्याला बरं. शब्द तोच, फक्त उपाशी कोण राहिला ते बदललं.

उंबरठा
क्रीझमध्ये, तुम्ही माझा सिद्धांत वाचवलात. तुम्हाला एक षटक निर्धाव.

शब्दाळ
पैशाबाहेर गेलं की या शब्दांचा निवाडा बदलतो खरा. "शब्दांची काटकसर" ही लेखकाची स्तुती. "कौतुकाच्या बाबतीत कंजूष" ही तक्रार. 'किफायतशीर' तर माणसाला लागतच नाही. वस्तू किफायतशीर, सौदा किफायतशीर. "आमचे साहेब किफायतशीर आहेत" म्हटलं तर ते कमी पगारात काम करतात असा अर्थ होईल. 'मितव्ययी' फक्त भाषणात. मितव्ययी माणूस मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही, फक्त सत्काराच्या वेळी पाहिलाय.

निवांत_दुपार
कवडीचुंबकमधला चुंबक म्हणजे लोहचुंबक ना? कवड्या ओढून घेणारा?

रानवारा
नाही. चुंबन घेणारा. हातची कवडी देण्याआधी तिचा मुका घेणारा.

निवांत_दुपार
लोहचुंबकाला कवडी चिकटत नाही हे मान्य. पण मुका हे जरा अतीच होतंय.

जुनी_वही
भांडू नका. संस्कृतात चुंबक म्हणजे मुका घेणारा, आणि त्याच शब्दाने लोह ओढणाऱ्या दगडालाही नाव मिळालं. लोहचुंबक म्हणजेच लोखंडाचे मुके घेणारा दगड. तेव्हा तुम्ही दोघं एकच बोलताय.

पाटी_पेन्सिल
मला या धाग्यात एक गोष्ट खटकतेय. सगळे जण शब्द तोलताहेत, पण तो शब्द कुणाला मिळतो ते कोणी बघत नाही. भरपूर पैसा असलेला माणूस जुनी गाडी वापरतो, तेव्हा त्याला 'साधी राहणी' मिळते. मध्यम पगाराचा माणूस तेच करतो तेव्हा 'चिक्कू'. आणि ज्याच्याकडे नाहीच, त्याला यातला एकही शब्द मिळत नाही. तो काटकसर करतो असं कोणी म्हणत नाही. त्याची 'ओढाताण' असते. म्हणजे काटकसर या शब्दात आधी एक गोष्ट गृहीत आहे, की खर्च करता आला असता.

दुसरं, 'काटकसरी' हे बायकांच्या बाबतीत जवळजवळ पदकासारखं लावतात. "काटकसरीने संसार केला." पण कापायला काय असायचं तिच्या हातात? मुख्य खर्चाचा निर्णय दुसऱ्याचा, आणि उरलेल्यात भागवण्याची करामत हिची. ती करामत पुष्कळदा स्वतःच्या ताटातून, स्वतःच्या साडीतून, स्वतःच्या चष्म्यातून झालेली असते. तेव्हा मीनलताई, राग मानू नका, पण तुमच्या पहिल्या पोस्टमधला खरा काटकसरी माणूस मला दोरा बांधणारी आई वाटते.

गोगलगाय
पाटी_पेन्सिल, +1. अंगावर आलं.

मीनल_स
राग नाही. दोन दिवस विचार करतेय. पण आईने नवा चष्मा मागितलाच नव्हता. मागितला असता तर बाबांनी नाही म्हटलं नसतं, एवढं मला नक्की माहीत आहे.

सावली
मीनल, तुझ्या वाक्यावर अडकले. माझे यजमान असेच आहेत. 'नाही' कधीच म्हणत नाहीत. फक्त विचारतात, "खरंच लागणार आहे का?" अगदी शांतपणे, चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. पहिली काही वर्षं मी कारणं सांगायचे. मग कारणं तयार ठेवायला लागले. मग एक दिवस लक्षात आलं की मी मागणंच सोडून दिलंय, आणि ते लोकांना कौतुकाने सांगतात, "हिला कशाची हौसच नाही."

त्यांना मी चिक्कू म्हणणार नाही. स्वतःसाठी तर ते काहीच घेत नाहीत, आणि नातेवाइकांच्या अडचणीला पहिले धावतात. पण दोघांनी बसून "यंदा हे नको" असं ठरवणं वेगळं, आणि एकाने भुवई उंचावल्यावर दुसऱ्याने मुकाट्याने मागे घेणं वेगळं. याला मराठीत शब्द आहे का? मला सापडला नाही.

जुनी_वही
सावलीताई, मलाही नाही सापडत. 'धाक' जवळ जातो, पण त्यात आवाज चढलेला असतो.

सदाशिव_नाना
मी हा धागा आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "31 वर्षं वही तुम्ही लिहिलीत, पण वाचली कुणी ते विचारा." मग त्यांनी एक वर्ष काढून दाखवलं. त्यात त्यांच्या नावापुढे वर्षभरात चार नोंदी आहेत. माझ्या नावापुढे मी मोजल्या नाहीत.

टवाळखोर
नाना...

सदाशिव_नाना
वही लिहाच, या माझ्या म्हणण्यात बदल नाही. दोघांनी लिहा, एवढी दुरुस्ती.

क्रीझमध्ये
नाना, झकास फटका.

शब्दाळ
मूळ प्रश्नाकडे येऊ का? आत्याबाई म्हणाल्या ते मला पटतं. कंजूष आणि चिक्कू हे तोंडावर म्हणता येणारे शब्द आहेत. मित्राला "अरे कंजुषा" म्हटलं तर तो हसतो, फार तर पुढच्या वेळी पाकीट आधी काढतो. कद्रू तोंडावर म्हटलं तर मैत्री संपते, कारण तो शब्द पाकिटाबद्दल नाही, मनाबद्दल आहे. कद्रू माणूस पैसे नसतानाही कद्रू असतो. दुसऱ्याचं चांगलं झालेलंही त्याला खर्चासारखं लागतं. कृपण तोंडावर कोणी म्हणतच नाही, तो फक्त कागदावर. तेव्हा घरच्या पुस्तिकेत प्रेमाने लिहायचं तर कंजूष चालेल. पण ते वाक्य बाबांशी बोलल्यासारखं हवं, बाबांबद्दल नको. "बाबा, तुम्ही कंजूष होतात" यात लाड येतो. "आमचे बाबा कंजूष होते" यात पंचनामा येतो.

पेनाचं_टोपण
हे भारी आहे. संबोधन लावलं की शिवीची धार जाते.

पाटी_पेन्सिल
नेहमी नाही. सावलींच्या घरी संबोधन लावून बघा.

रानवारा
मी दादाच्या बाजूने एक शब्द बोलतो. तो मोठा मुलगा आहे ना? मोठ्या मुलाने बापाचं जे पाहिलेलं असतं ते धाकट्यांनी पाहिलेलं नसतं. हात आखडलेला असतानाच्या काळातला बाप त्याच्या वाट्याला आला, आणि सवय उरली होती तेव्हाचा तुमच्या. एकच माणूस, पण एकाला खिसा रिकामा असलेला दिसला आणि दुसरीला भरलेला.

मीनल_स
रानवारा, नेमकं उलट निघालं. दादाला विचारलं. तो म्हणाला, लहानपणीचं त्याला काहीच खुपत नाही, तेव्हा नव्हतेच पैसे. चष्मा मोडला तेव्हा बाबांचं सगळं नीट चाललं होतं. म्हणून त्याला तोच आठवतो. पाटी_पेन्सिल म्हणतात तसं, तेव्हा खर्च करता आला असता.

मग आईलाच विचारलं. धागा वाचून दाखवला नाही, फक्त विचारलं की बाबांना कोणता शब्द लावू. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "टुकीचे होते." मी म्हटलं, आणि चष्मा? ती म्हणाली, "तो दोरा ह्यांनीच बांधला होता. दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचे. मेण लावून."

हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. दादा म्हणतो, यात काय मोठंसं, दोरा बदलण्यापेक्षा चष्मा बदलायचा होता. मी म्हणते, मेण लावून. आम्ही अजून भांडतोय.

उंबरठा
मेण लावून. बाप रे. माझा सिद्धांत पुन्हा मोडला.

सावली
माझ्या मते दादा बरोबर आहे. पण मीसुद्धा तो दोरा जपून ठेवला असता.

जुनी_वही
'टुकीचे' फार चांगला शब्द दिला आईंनी. टुकीने म्हणजे नेटकेपणाने, आहे त्यात नीट बसवून. खर्च कमी की जास्त याबद्दल तो शब्द बोलतच नाही, काम कसं केलं तेवढंच सांगतो. सध्या तो फारसा कानावर पडत नाही, पुस्तिकेत आला तर बरंच होईल.

पाटी_पेन्सिल
शब्द सुंदर आहे, पण तो दोऱ्याला लागतो, चष्म्याला नाही. आईंनी हुशारीने प्रश्न टाळलाय असं मला वाटतं.

मीनल_स
असेलही. छपाईला शुक्रवारी द्यायचंय. आत्ता पहिलं वाक्य असं आहे: "बाबा खिळे सरळ करायचे." विशेषण काढून टाकलंय. दादाने त्याच्या पानावर काय लिहिलंय ते दाखवत नाहीये.

टवाळखोर
दादाचं पान आलं की इथे टाका.

निवांत_दुपार
मेण लावल्याने दोरा खरंच जास्त टिकतो का? माझ्याही चष्म्याची काडी गेलीय.

सदाशिव_नाना
टिकतो. पण नवा घ्या. वहीत मी लिहितो.